हप्त्यात सवलत मागणारा अर्ज : मराठीत आणि हिंदीत

कर्जाच्या हप्त्यात सवलत मिळावी म्हणून तुम्ही बँकेला लिहिलेल्या अर्जाचा मसुदा वाचला. आईच्या आजारपणाचे दीड पान काढून तिथे तीन गोष्टी लिहा : उत्पन्न कधीपासून व किती घटले, आता किती भरता येईल आणि किती महिने. पत्नीने नोकरी सोडल्यामुळे घरचे उत्पन्न ५२,००० वरून ३४,००० रुपयांवर आले, हे एक वाक्य आणि त्यासोबत नोकरी सोडल्याचे पत्र पुरेसे आहे. आजाराचा तपशील बँकेला देण्याची गरज नाही.

१८,००० च्या हप्त्याऐवजी ९,००० देऊ असे तुम्ही म्हणता, पण १४ लाखांच्या बाकीवर ९ टक्क्यांनी महिन्याचे व्याजच १०,५०० होते. त्याहून कमी भरल्यास मुद्दल वाढत जाईल, म्हणून सहा महिने निदान व्याजाइतकी रक्कम देण्याची तयारी दाखवा. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, ठरते, तेव्हा अर्ज पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच द्या.

व्यवस्थापक हिंदीभाषक असल्याने हिंदी प्रतही जोडा, मात्र ती शब्दशः करू नका. मराठी ‘राजीनामा’ हिंदीत तडजोडीचा करार ठरतो, तिथे ‘त्यागपत्र’ लिहा. ‘सवलत’साठी ‘छूट’ लिहिल्यास रक्कम माफ करा असा अर्थ निघू शकतो. मराठीत ‘सहा महिने कमी हप्ता भरण्याची परवानगी द्यावी, ही विनंती’ आणि हिंदीत ‘छह माह तक कम किस्त भरने की अनुमति देने की कृपा करें’ असे लिहावे. ‘गरीब’, ‘लाचार’, ‘पाया पडतो’ हे शब्द दोन्ही प्रतींतून वगळा, आणि आकडे दोन्हींत तंतोतंत जुळतात ना, ते शेवटी पडताळा.