W-8BEN भरताना जन्मतारीख नीट बघ

भाऊ, तू लातूरला घरी बसून अमेरिकन कंपनीचं काम करतोस, पण अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नाहीस. म्हणून कंपनीला W-8BEN भरून दे, म्हणजे तू अमेरिकेबाहेरचा आहेस हे सांगणारा कराचा फॉर्म. W-9 तिथल्या लोकांचा, त्याला हात लावू नकोस. फॉर्म दिलाच नाही, तर पेमेंटमधून २४ टक्के कापले जाऊ शकतात.

नाव पॅन कार्डावर आहे तसंच लिही, आणि परदेशी कर क्रमांकाच्या रकान्यात पॅनच टाक. कायमच्या पत्त्यात पोस्ट बॉक्स चालत नाही, गल्ली-घर नंबरासकट लिही.

मी स्वतः फसलो ते तारखेत. तिथे आधी महिना, मग दिवस. माझा जन्म ७ ऑगस्टचा, मी 07-08 लिहिलं आणि ते ८ जुलै झालं. लिहायचं होतं 08-07. नोंद जुळेना, पैसे आठवडाभर अडकले.

भारत-अमेरिका कर करारातल्या सवलतीचा भाग कोरा सोड. काम भारतात बसून केलेलं असतं, त्यामुळे ती कमाई अमेरिकेतली धरत नाहीत. इथला आयकर मात्र भरावाच लागतो, रिटर्नमध्ये हे पैसे दाखव.

फॉर्म सही केल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरअखेर संपतो. २०२५ मध्ये भरलास तर ३१ डिसेंबर २०२८. पत्ता बदलून अमेरिकेत गेलास, तर मात्र कंपनीला ३० दिवसांत कळव.