एका कॅमेऱ्यावर डायलॉग सीन: शॉट लिस्ट कशी बसवायची

प्रश्न: शॉर्टफिल्म करतोय, कॅमेरा एकच आहे. बाप-मुलीचा अडीच पानांचा सीन आहे. टेबलावर बसून बोलतात, मुलगी सांगते की द्राक्षबागेच्या विक्रीच्या कागदावर तिने सही केलीये, मग बाप उठून खिडकीशी जातो. पंचवटीत मित्राच्या घरी सकाळी ९ ते दुपारी ३ एवढाच वेळ मिळालाय. शॉट लिस्ट कशी करू? सगळा सीन प्रत्येक अँगलने घ्यावा लागतो का?

उत्तर:

नाही, अजिबात नको, तेवढा वेळच नाहीये तुमच्याकडे. ९ ते ३ म्हणजे सहा तास, त्यातला एक तास लाईट लावण्यात आणि टेबल सरकवण्यात जाणार, पाऊण तास जेवण, शेवटचा अर्धा तास आवराआवर (दुसऱ्याचं घर आहे, होतं तसं करून द्यावं लागतं). उरले पावणेचार तास. छोट्या टीमला कॅमेऱ्याची जागा बदलून, लाईट थोडा हलवून दोन-तीन टेक घ्यायला २५ ते ३० मिनिटं आरामात लागतात, म्हणजे सात, फार तर आठ शॉट. मी इथे नाशकातच असिस्टंट म्हणून काम करतो आणि वीस-बावीस शॉटची लिस्ट घेऊन आलेले लोक दुपारी दोन वाजता डोकं धरून बसलेले बघितलेत, त्यामुळे आधी हा आकडा लिहा आणि मग शॉट ठरवा.

आता शॉट ठरवायचे कसे, तर कॅमेरा बाजूला ठेवा, सीनची प्रिंट आणि पेन्सिल घ्या. प्रत्येक शॉटसाठी डायलॉगवरून वरून खाली एक उभी रेघ ओढायची, तो शॉट जिथे सुरू होतो तिथून जिथे संपतो तिथपर्यंत. ज्या ओळीला बोलणारा त्या शॉटमध्ये दिसतोय तिथे सरळ रेघ, आणि आवाज फक्त बाहेरून येतोय तिथे नागमोडी. सेटवर कंटिन्युइटी बघणारे शूट झाल्यावर असं पान भरतात, पण एकच कॅमेरा असेल तर ते आधीच प्लॅन म्हणून करा. पान भरलं की लगेच दिसतं की कुठे दाटी झालीये आणि कुठे एकच रेघ आहे. एकच रेघ म्हणजे तिथे एडिटला पर्याय नाही, त्या शॉटमध्ये कोणी अडखळलं, फोकस गेला, की आहे तसंच चालवून घ्यावं लागतं. म्हणून साधारण सगळीकडे दोन रेघा हव्यात आणि सीन जिथे वळतो तिथे तीन. तुमच्या सीनमध्ये ती जागा म्हणजे "मी सही केलीये" ही ओळ आणि त्यानंतरचा बापाचा गप्पपणा, बाकी सुरुवातीचं चहापाणी वगैरे दोन रेघांवर मजेत निघतं.

तुमचाच सीन धरून सांगतो. समजा टेबलाच्या डावीकडे मुलगी, उजवीकडे बाबा, आणि मागच्या भिंतीत बाबांच्या बाजूला खिडकी, म्हणजे मास्टर, दोघं आणि खोली एकत्र दिसते तो मोठा शॉट, खिडकीकडे तोंड करून लागणार. मास्टर पूर्ण सीनचा घ्या, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, ह्यात काटकसर नको कारण सगळ्या हालचाली ह्यातच पक्क्या होतात. मग बाबांचं सजेशन, म्हणजे मुलीच्या उजव्या खांद्यावरून बाबा, हे सुरुवातीपासून बाबा उठेपर्यंत. बाबांचा क्लोज फक्त सहीच्या दोन ओळी आधीपासून उठेपर्यंत, चहाच्या गप्पांना क्लोज घेऊन काय करणार? मुलीचं सजेशन बाबांच्या डाव्या खांद्यावरून, आणि तिचाही क्लोज त्याच दोन ओळी आधीपासून. हे झाले पाच. सहावा म्हणजे बाबा उठून खिडकीशी जातात तो शॉट, सातवा बाबा खिडकीशी असतानाचा मुलीचा क्लोज, आठवा कागदाचा इन्सर्ट, म्हणजे फक्त कागद आणि हात जवळून.

डावा-उजवा खांदा मी उगाच नाही लिहिला. दोघांमध्ये एक रेघ आहे असं समजा आणि कॅमेरा कायम मास्टरच्याच बाजूला ठेवा, मग मुलगी प्रत्येक शॉटमध्ये उजवीकडे बघते आणि बाबा डावीकडे. एक खांदा चुकला की दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात, बघणाऱ्याला कळत नाही काय बिघडलंय पण खटकतं. लिस्टमध्ये प्रत्येक शॉटपुढे "लुक राईट", "लुक लेफ्ट" लिहूनच टाका. आणि दोन्ही क्लोजना लेन्स तोच, अंतर तेच, उंची तीच. ५० एमएमचा लेन्स लावून बाबांपासून चार फुटांवर कॅमेरा असेल तर मुलीलाही टेप धरून चार फूटच मोजा, अंदाजाने नको, नाहीतर एकाचं डोकं दुसऱ्यापेक्षा मोठं येतं. मुद्दाम तसं हवं असेल तर गोष्ट वेगळी.

खरी गंमत बाबा उठल्यावर आहे आणि बहुतेक लोक लिस्ट करताना इथेच झोपतात. बाबा खिडकीशी गेले की ती मधली रेघही त्यांच्याबरोबर फिरली, आता ती मुलीपासून खिडकीपर्यंत तिरकी झाली. म्हणून सहावा शॉट पूर्ण हालचालीचा हवा: मुलीच्या उजव्या खांद्याच्या मागून, बाबा बसलेले, उठतात, खिडकीशी जातात, कट नाही. एकदा हे दिसलं की प्रेक्षकाच्या डोक्यात खोली पक्की बसते, मग पुढे कुठेही कट करा. आता मुलीचा क्लोज. मगाचच्याच जागेवरून घेतलात तर ती एवढी उजवीकडे बघेल की जवळजवळ साइड प्रोफाइल येईल, एकच डोळा दिसेल, आणि नेमका तिचा सगळ्यात जड डायलॉग तिथेच असणार. उपाय सोपा आहे, बाबांची खुर्ची रिकामी झालीये ना, ती उचलून बाहेर ठेवा आणि कॅमेरा खिडकीच्या बाजूला सरकवा, पण लुक राईटच राहील इतपतच, नवी रेघ ओलांडू नका. म्हणून लिस्टमध्ये हा वेगळा सातवा शॉट. आणि बाबांचं काम करणारा नट त्या वेळी खरंच खिडकीशी उभा राहून क्यू देईल, म्हणजे फ्रेमबाहेरून आपल्या ओळी बोलेल, हे बघा. असिस्टंटने कॅमेऱ्याशेजारी उकिडवं बसून क्यू दिले तर तिची नजर खाली जाते, बाप उभा आहे आणि मुलगी त्याच्या गुडघ्यांशी बोलतेय असं वाटतं.

आता क्रम. वर सांगितलेला क्रम एडिट डोक्यात ठेवून आहे, शूटिंगचा नाही, त्याचा वेगळा कागद करा. खिडकी फ्रेममध्ये असलेले शॉट आधी उरकायचे, म्हणजे मास्टर आणि लगेच सहावा, कारण बाहेरचा उजेड तुमच्या हातात नाही, दहा वाजताची खिडकी आणि एक वाजताची खिडकी वेगळी दिसते. क्लोजमध्ये खिडकी दिसत नाही, फक्त तिचा उजेड गालावर येतो, तो थर्माकोलने किंवा एखाद्या लाईटने सांभाळता येतो. मग बाबांच्या बाजूचं सजेशन आणि क्लोज एकापाठोपाठ एक, मगच सगळं फिरवून रिव्हर्स, मुलीचं सजेशन, तिचे दोन्ही क्लोज. रिव्हर्स एकदाच करायचा. इकडून एक तिकडून एक असं केलंत तर दर वेळी लाईट आणि पसारा हलवण्यात दिवस जाईल. एक अपवाद मी नेहमी करतो: मुलगी नवखी असेल आणि बाबा नाटकातले मुरलेले असतील तर मास्टर आणि सहावा झाल्यावर आधी मुलीची बाजू घेतो, बाबांची नंतर. क्यू देऊन देऊन दमलेल्या नवख्या पोरीकडून दीड वाजता डोळ्यात पाणी मागणं मला तरी पटत नाही.

मास्टरचा टेक ओके झाला की चहाच्या कपांचे, कागदाचे, ओढणीचे मोबाईलवर फोटो काढा. आणि हालचाल शब्दाला बांधा, म्हणजे बाबा कप "भाव काय मिळाला" ह्या ओळीतल्या "भाव"वर उचलतात आणि ओळ संपल्यावर ठेवतात, असं ठरवून प्रिंटवर त्या शब्दाला गोल करा. नटाला सांगा की कप एकदाच उचलायचा, जितक्या वेळा उचलेल तितक्या जागी कट अडेल.

साउंडचं एक महत्त्वाचं. क्लोज चालू असताना बाहेरून क्यू देणाऱ्याने समोरच्याच्या वाक्यावर चढायचं नाही, मध्ये श्वासाएवढी जागा सोडायची. दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसतात असं हवं असेल तर ते एडिटला करता येतं, पण एकाच ट्रॅकवर दोन आवाज चढले की वेगळे काढणं फार अवघड. मास्टरमध्ये चढले तरी चालतील. फॅन, फ्रिज बंद (फ्रिजमध्ये बाईकची चावी ठेवा म्हणजे जाताना चालू करायचं विसरणार नाही). पंचवटी आहे, घंटा आणि स्पीकर येणारच, त्यामुळे आदल्या दिवशी त्याच वेळेला तासभर त्या खोलीत बसून कधी काय वाजतं ते लिहून आणा आणि त्या वेळेला जेवणाची सुट्टी लावा. जायच्या आधी सगळ्यांना गप्प करून खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, कट लपवायला लागतो.

शेवटी लिस्टवर प्रत्येक शॉटपुढे लिहा की वेळ संपत आली तर आधी काय गाळायचं. माझ्या हिशोबाने पहिला जाईल इन्सर्ट, तो कागद आणि तोच टेबलक्लॉथ घरी नेऊन दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी घेता येतो, हात मुलीचा नसला तरी बांगडी तीच ठेवा. मग बाबांचं सजेशन, सुरुवातीच्या गप्पा मास्टरवर आणि मुलीच्या सजेशनवर निघतात. बाबांचा क्लोज आणि मुलीचा खिडकीच्या वेळचा क्लोज मात्र काहीही झालं तरी सोडू नका, तीन वाजता मित्राची आई दारात येऊन उभी राहिली तरी तिला दहा मिनिटं मागून घ्या.