वर्षअखेरच्या बिलांचं कटऑफ टेस्टिंग: बिलाची तारीख बघून टिक मारली की झालं का?

प्रश्न: "ऑडिटमध्ये नवीन आहे. सीनियरने खरेदीचं कटऑफ बघायला सांगितलं. मी 31 मार्चच्या आधीची 10 आणि नंतरची 10 बिलं लेजरमधून काढली, बिलाची तारीख आणि बुकिंगचं वर्ष जुळतंय बघून टिक मारली. सगळी जुळली. एवढं पुरे ना?"

नाही, पुरे नाही. कटऑफ म्हणजे खरेदी ज्या वर्षाची आहे त्याच वर्षाच्या पुस्तकात पडली का हे बघणं. बिलाची तारीख म्हणजे सप्लायरच्या ऑफिसात प्रिंट कधी काढली ती तारीख, माल तुमच्या क्लायंटचा कधी झाला हे त्यावरून कळत नाही. आणि अकाउंटंट बुकिंग करताना बहुतेक वेळा बिलाची तारीखच टाकतो, त्यामुळे ती दोन्ही जुळणारच, चूक असली तरी जुळणार. तुम्ही एकच गोष्ट दोनदा बघितली आहे.

बघायच्या तारखा खरं तर तीन आहेत. बिलाची तारीख, माल आल्याची तारीख आणि पुस्तकात नोंद झाल्याची तारीख. यातली मधली सहसा ठरवते की खरेदी कुठल्या वर्षाची, तिसरी सांगते की त्यांनी ती कुठल्या वर्षात टाकली, आणि टेस्ट म्हणजे या दोघींची गाठ घालून बघणं. बिलाची तारीख फक्त कागद ओळखायला.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते हाच जास्त महत्त्वाचा. तुम्ही सुरुवात लेजरपासून केलीत. खरेदीत भीती कशाची असते? खर्च आणि देणं पुस्तकात आलंच नाही याची. जे लेजरमध्ये नाहीच ते लेजरमधून नमुना काढून कसं सापडणार? म्हणून खरेदीसाठी उलटं चालायचं, स्टोअरच्या कागदापासून. माल आल्यावर स्टोअर जो जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद करणारा कागद करतं त्याचे नंबर ओळीने असतात, वर्षअखेरच्या आधीचे आणि नंतरचे काही जीआरएन घ्या आणि प्रत्येकाचं बिल शोधत पुस्तकात जा. विक्रीत याच्या बरोबर उलट, तिथे भीती पुढच्या वर्षाची विक्री आधीच ओढून घेतल्याची असते, म्हणून तिथे लेजरच्या शेवटच्या दिवसांपासून सुरू करून डिस्पॅच आणि ग्राहकाच्या पोचपावतीकडे जायचं.

एक केस पूर्ण मांडते म्हणजे नीट समजेल. आकडे माझे आहेत.

31 मार्चला संध्याकाळी स्टॉक मोजला, मोजणीच्या वेळी शेवटचा जीआरएन नंबर होता 1147. हा नंबर मोजणीच्या ठिकाणीच वहीत लिहून घ्यायचा असतो, नंतर मागितला तर मिळतो पण तो खरा आहे याची खात्री कोण देणार. 1147 पर्यंतचा सगळा माल मोजणीत असला पाहिजे आणि त्याची बिलं जुन्या वर्षात, 1148 पासूनचं सगळं नव्या वर्षात. ही एक रेघ, तिच्या दोन्ही बाजूंनी स्टॉक आणि खरेदी एकाच बाजूला पडली पाहिजेत.

जीआरएन 1146. माल 30 मार्चला आला, 3,60,000 चा. सप्लायरने बिल केलं 2 एप्रिलला, पुस्तकात नोंद 5 एप्रिलला. तुमच्या पद्धतीने बघितलं तर एप्रिलचं बिल एप्रिलमध्ये, टिक. पण माल मोजणीत धरला गेलाय आणि खरेदी जुन्या वर्षात नाही, म्हणजे अखेरच्या स्टॉकमध्ये फुकटचा माल बसला, नफा 3,60,000 ने जास्त आणि क्रेडिटर्स तेवढेच कमी. इथे एक गोष्ट आवर्जून तपासा, हा माल खरंच मोजणीच्या शीटवर आहे का. समजा मोजणीतही राहून गेला असेल तर नफ्यावर काहीच परिणाम नाही, स्टॉक आणि क्रेडिटर्स दोन्ही सारखेच कमी दिसतात. चूक ती पण आहेच, पण एंट्री वेगळी होते.

जीआरएन 1148. बिल 29 मार्चचं, 2,10,000 चं, नोंद 31 मार्चला, माल आला 3 एप्रिलला. पुन्हा तुमची टिक. पण माल मोजणीत नाही, खरेदी मात्र आहे, म्हणजे नफा 2,10,000 ने कमी दाखवला. आता लगेच रिव्हर्सल एंट्री सुचवायला धावू नका, आधी खरेदीची ऑर्डर काढून डिलिव्हरीच्या अटी वाचा. पोचल्यावर मालकी असेल तर बिल नव्या वर्षात ढकलायचं. सप्लायरच्या दारातून माल निघाला की जबाबदारी आपली अशी अट असेल आणि माल 31 च्या आत निघाला असेल, तर बिल जुन्या वर्षात बरोबरच आहे, चुकलाय स्टॉक, तो वाटेतला माल म्हणून वाढवायचा. दोन्ही रस्त्यांनी नफा 2,10,000 नेच वाढतो, पण पहिल्यात ताळेबंदातून देणं जातं आणि दुसऱ्यात देणं राहून स्टॉक वाढतो. नफ्याचा आकडा सारखा येतो म्हणून अटी न वाचता कुठलीही एक एंट्री देऊन मोकळं होणारे मी बघितलेत, ताळेबंद चुकतो त्याने.

आणि हे दोन आकडे एकमेकांत वजा करून 1,50,000 चा एकच फरक लिहू नका. वर्किंग पेपरवर दोन्ही वेगवेगळे दाखवा. निव्वळ आकडा लहान दिसतो पण रेघेच्या दोन्ही बाजूंनी माल आणि बिल वेगळे पडतायत, म्हणजे न तपासलेल्या जीआरएनमध्ये पण असं असू शकतं, नमुना वाढवायचा का हे त्यावर ठरतं.

आता जीआरएनवर सुद्धा डोळे झाकून विश्वास ठेवू नका, हे मी अनुभवाने सांगते. सुरुवातीच्या एका ऑडिटमध्ये मी जीआरएनच्या तारखा घेऊन सगळं छान जुळवलं होतं, मग सहज गेटवरचं आवक रजिस्टर उघडलं तर 30 तारखेच्या पानावर संध्याकाळी 7:40 ला एक ट्रक आत आल्याची नोंद, गाडी नंबर आणि चलन नंबरसकट, आणि त्याच चलन नंबरचा जीआरएन होता 2 एप्रिलचा. स्टोअरवाल्यांना विचारलं तर म्हणाले, मॅडम, क्वालिटी तपासणी झाल्याशिवाय आम्ही जीआरएन करतच नाही. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर होतं. पण माल कंपाउंडच्या आत होता, मोजणाऱ्यांनी तो मोजलाही होता, कारण मोजणारा माणूस रॅकवर दिसेल ते मोजतो, त्याला जीआरएन झाला की नाही कुठे माहीत. तेव्हापासून मी निदान शेवटच्या तीन-चार दिवसांचं गेट रजिस्टर चलन नंबरने लावून बघतेच, नंबर तुटलाय का, मध्ये ओळ घुसवली आहे का, हेही तिथेच दिसतं.

सिस्टिमवर असाल तर टाइप केलेली तारीख आणि प्रत्यक्ष एंट्री मारल्याची तारीख वेगळी असते हे लक्षात ठेवा. एसएपीमध्ये `BLDAT` म्हणजे कागदावरची तारीख, `BUDAT` पोस्टिंगची, आणि `CPUDT` म्हणजे एंट्री खरोखर ज्या दिवशी सिस्टिममध्ये गेली ती. पहिल्या दोन तारखा एंट्री करणारा माणूस टाकतो, तिसरी सिस्टिम स्वतः लावते. `BUDAT` 31 मार्च आणि `CPUDT` 18 एप्रिल असलेल्या नोंदी वेगळ्या काढून बघा, त्या चुकीच्याच असतात असं नाही, क्लोजिंगच्या एंट्रीज तशाच होतात, पण प्रश्न विचारायची जागा तीच.

सेवांची बिलं हा वेगळाच प्रकार, तिथे जीआरएन नाही, ट्रक नाही. तिथे कालावधी बघायचा. 10 एप्रिलचं 90,000 चं मेंटेनन्सचं बिल, आत बारीक अक्षरात 1 फेब्रुवारी ते 30 एप्रिल लिहिलेलं, दर महिन्याला सारखं काम. त्यातले फेब्रुवारी-मार्चचे 60,000 जुन्या वर्षाचे, 30,000 नव्याचे. बिल अख्खं या वर्षाचं की त्या वर्षाचं असा प्रश्नच नाही, ते तोडावं लागतं. आणि 31 मार्चला बिल हातात नव्हतं हे कारण चालत नाही, काम झालंय तर अंदाजाने तरतूद करायची. अशी बिलं शोधायला नव्या वर्षातली पेमेंट्स आणि खर्चाच्या नोंदी वाचायच्या, तुमचं काम संपेपर्यंतच्या जितक्या मिळतील तितक्या, मोठ्या रकमांपासून सुरू करून, आणि प्रत्येक बिलावर तारखेऐवजी कामाचा कालावधी शोधायचा. वकिलाची फी, ट्रान्सपोर्ट, कंत्राटी मजुरी, कमिशन, हे नेहमी उशिरा येणारे लोक.

10 आधी 10 नंतर हा आकडा पण सोडून द्या. आधी बघा की माल आल्यापासून बिल बुक व्हायला या क्लायंटकडे साधारण किती दिवस लागतात. वर्षातल्या मधल्या एखाद्या महिन्याचे पंधरा-वीस जीआरएन घेऊन मोजा, अर्ध्या तासाचं काम आहे. तिथे 25 दिवस लागत असतील तर 31 मार्चनंतरच्या पहिल्या 10 दिवसांत तुम्हाला सगळं सापडणार नाही, मार्चच्या शेवटी आलेल्या मालाची बिलं एप्रिलच्या शेवटी बसलेली असतात. रोज दोन-चारच जीआरएन होत असतील तर दिवस वाढवा, रोज शंभर होत असतील तर दिवस कमी करून मोठ्या रकमा घ्या.

विक्रीचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही खरेदीबद्दल विचारलंय. नव्या वर्षातल्या क्रेडिट नोटा जरूर चाळा. 30 मार्चला मोठी विक्री आणि 12 एप्रिलला त्याच ग्राहकाला तेवढ्याच रकमेची क्रेडिट नोट दिसली तर माल गेला होता का, गेला असेल तर परत का आला, हे कागदावरून समजेपर्यंत ते बिल मंजूर करू नका.

तुम्ही काढलेली 20 बिलं फेकू नका. त्याच शीटमध्ये दोन कॉलम वाढवा, गेटवर आल्याची तारीख आणि जीआरएन नंबर, आणि सेवांच्या बिलांना त्याऐवजी कालावधी. मोजणीला तुमच्या टीममधलं कोण गेलं होतं त्याच्याकडून शेवटचा जीआरएन नंबर घ्या. मग त्या नंबरच्या आधीचे आणि नंतरचे जीआरएन स्टोअरकडून मागवा, अकाउंट्सकडून नाही, आणि सिरीजमधला एखादा नंबर गायब असेल तर तो रद्द झाला असं नुसतं तोंडी ऐकून घेऊ नका, रद्द केलेला कागद बघायला मागा.