हेक्टरचे एकर करताना

जमिनीच्या जाहिरातीसाठी तुम्ही हेक्टरचे एकर करताय, तर गुणाकाराआधी मूळ कागदावरचा आकडा नीट वाचा. तुमच्या कागदावर ३७ हेक्टर ८ आर लिहिलंय आणि तुम्ही ते ३७.८ धरलंय. एका हेक्टरचे १०० आर होतात, म्हणून हे ३७.०८ हेक्टर होतं. नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात, आणि पुढचा हिशोब कितीही बिनचूक केला तरी ही चूक तशीच राहते.

आता ३७.०८ ला २.४७१०५ ने गुणा. उत्तर ९१.६३ एकर येतं. तुमच्या ३७.८ ने ते ९३.४१ झालं असतं, म्हणजे पावणेदोन एकर जास्तीचे! काहीजण सोपं म्हणून अडीचने गुणतात. त्यात एकराहून जास्त जमीन कागदावर वाढते. तोंडी अंदाजाला अडीच चालेल, जाहिरातीत अजिबात नको.

जाहिरातीत मात्र ‘३७.०८ हेक्टर (सुमारे ९१.६ एकर)’ असंच लिहा. मोजणी हेक्टरमध्ये झाली आहे, त्यामुळे तोच आकडा आधी हवा. एकरी भावही न कापलेल्या आकड्यावरून काढा. शेवटी एकरांना २.४७१०५ ने भागून पाहा, ३७.०८ च्या अगदी जवळ यायला हवं. पण आर वाचण्यातली चूक या ताळ्यात सापडत नाही. त्यासाठी कागदच पुन्हा बघावा लागतो.