अ‍ॅनिमेशनवर मराठी आणि इंग्रजी सबटायटल एकत्र कसे बसवायचे?

३ मिनिटांच्या अ‍ॅनिमेशनला दोन्ही भाषांत सबटायटल दिलेत पण फोनवर वाचताच येत नाहीत, साइज आणि टायमिंग काय ठेवू?

एका वेळी मराठीची एकच ओळ वर आणि इंग्रजीची एकच खाली ठेव, चार ओळी झाल्या की चित्राचा बराच भाग झाकला जातो. टायमिंग जास्त लांब भाषेवरून धर, सेकंदाला साधारण १७ अक्षरं. हे बघ:

```
1
00:00:12,000 --> 00:00:14,100
छत्री कुठंय? लोकल चुकेल ना!
No umbrella? We'll miss the train!
```

इंग्रजीत स्पेस धरून ३४ अक्षरं, म्हणजे २ सेकंद हवेतच, डायलॉग दीड सेकंदात संपला तरी सबटायटल राहू दे, फक्त पुढच्या कटच्या २ फ्रेम आधी काढ. इंग्रजी ओळ ४२ अक्षरांच्या पुढे गेली की वाक्य तोडून पुढच्या सबटायटलमध्ये टाक.

साइज १०८० पिक्सेल उंचीला इंग्रजी ४६ आणि मराठी ५२च्या आसपास, कारण मात्रा, रफार, उकार बारीक असतात. काळी आउटलाइन ३ पिक्सेलच्या वर नको, जाड केलीस तर अनुस्वार आणि जोडाक्षरं बुजतात. फॉन्ट मुक्ता घे, आणि दोन ओळींत जरा जास्त जागा सोड, नाहीतर वरचे उकार खालच्या इंग्रजीला चिकटतात. शेवटी एक्स्पोर्ट फोनवर टाकून गर्दीच्या लोकलमध्ये हात लांब करून बघ, ‘र्ती’ नीट दिसला तर साइज बरोबर आहे.