हाऊस ब्लेंडबद्दल मेनूवर काय लिहायचं? प्रश्नोत्तरे

प्रश्न: 'चॉकलेटी चव' लिहिलं की गिऱ्हाईक विचारतं, चॉकलेट घातलंय का?

'चॉकलेटची आठवण करून देणारी चव, वेगळं काही घातलेलं नाही' असं लिहा.

प्रश्न: राजारामपुरीत कॅफे उघडतोय. ब्लेंड 70 टक्के चिकमगळूर अरेबिका, 30 टक्के रोबस्टा, रोस्ट मीडियम-डार्क. पाकिटावर 'जास्मिन, संत्रं, मध' आहे, तेच मेनूवर घेऊ का?

नका घेऊ. अशी पाकिटं माझ्याकडे सारखी येतात आणि प्रत्येक वेळी मला राग येतो, कारण फुलाफळांचा वास हलक्या रोस्टमध्ये टिकतो, बीन्स जास्त भाजले की तो आणि आंबटपणा दोन्ही कमी होतात आणि भाजलेपणा, कडवटपणा वर येतो. त्यात 30 टक्के रोबस्टा म्हणजे क्रेमा जाड, कॉफी तोंडाला दाट, पण शेवटी कडूपणा थोडा जास्त. अशा कपात जास्मिन शोधणाऱ्या गिऱ्हाईकाला वाटणार आपल्यालाच चव कळत नाही, हे मला पटत नाही.

त्यापेक्षा स्वतः चाखा. 18 ग्रॅम पावडरीतून साधारण 28 सेकंदात 36 ग्रॅम एस्प्रेसो काढा. गरम असताना एक घोट, कोमट झाल्यावर दुसरा, कारण कोमट झाल्यावर आंबटपणा, कडूपणा आणि दोष लपत नाहीत. मग तुम्ही रोज वापरणार त्याच दुधात कॅपुचिनो करा. आपल्याकडे म्हशीचं दूध असेल तर साय जास्त, त्यात नाजूक चव बुडते, पण कोको आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखी चव तरते. कॅफेशी संबंध नसलेल्या तिघाचौघांनाही चाखायला द्या, आणि दोघांना तरी न सांगता जी चव लागली तीच लिहा.

उदाहरणार्थ: 'मीडियम-डार्क रोस्ट. कोको, भाजलेले शेंगदाणे, शेवटी थोडा कडूपणा, आंबटपणा कमी. कॅपुचिनो, लाटेमध्ये सगळ्यात छान. ब्लॅक घेणार असाल तर कडक लागेल. 70 टक्के अरेबिका, 30 टक्के रोबस्टा.' 'ब्लॅक कडक लागेल' लिहिलं म्हणून गिऱ्हाईक पळत नाही, उलट हलकी कॉफी आवडणारा आधीच दुसरं मागवतो. छापण्याआधी हे वाक्य रोस्टरला दाखवा, पुढच्या लॉटमध्ये प्रमाण बदलणार असेल तर तो आत्ताच सांगेल.

प्रश्न: मित्र म्हणतो रोबस्टा हलका माल, लपवलेलाच बरा. '100 टक्के अरेबिका' लिहू?

अजिबात नाही, ते खोटं आहे. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं, ज्याला कॅफिन कमी हवंय त्याला हे कळायलाच पाहिजे. कॅफिनबद्दल डॉक्टरांनी काही सांगितलं असेल तर त्यांना विचारूनच प्यावं.

प्रश्न: थोडी चिकोरी असली तर?

लिहा, टक्क्यासकट. पाकिटं विकणार असाल तर लेबलचे नियम अन्नसुरक्षेची कामं करणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

प्रश्न: बीन्स काल भाजून आलेत, उद्या मेनू छापायला टाकू?

थांबा. ताज्या बीन्समध्ये गॅस असतो, एस्प्रेसो फसफसतो आणि चव बोचरी लागते. आठवडाभराने परत चाखा, मग छापा.