‘पाडणे’ बरोबर, मग ‘पडवणे’ का नाही?

*‘पडणे’चं ‘पाडणे’ होतं, मग ‘बसणे’चं ‘बासणे’ न होता ‘बसवणे’ का? आणि ‘तुटणे’चं ‘तोडणे’ होताना ट चा ड कुठून आला?*

प्रयोजक क्रियापद म्हणजे क्रिया दुसऱ्याकडून घडवून आणणं दाखवणारं क्रियापद. मराठीत ती दोन वाटांनी तयार होतात. एक वाट आजही चालू आहे, दुसरी केव्हाच बंद झाली.

चालू वाट म्हणजे धातूला ‘-व’ जोडण्याची: बस-बसव, हस-हसव, शिक-शिकव, फिर-फिरव, बुड-बुडव. लिहिताना ‘बसवणे’ आणि ‘बसविणे’ दोन्ही चालतात, फक्त एका लेखात एकच पद्धत ठेवावी. संस्कृतात ‘स्था’चं ‘स्थापयति’ आणि ‘दा’चं ‘दापयति’ होतं. त्यातला ‘-आपय’ प्राकृतात सरसकट इतर धातूंनाही लागू लागला आणि झिजत आपला ‘-व’ झाला. म्हणून नव्या धातूला हाच लावायचा.

बंद वाटेत प्रत्यय दिसत नाही, धातूचा स्वर बदलतो. अ चा आ होतो: पड-पाड, मर-मार, जळ-जाळ, गळ-गाळ, टळ-टाळ. उ चा ओ होतो: तुट-तोड, फुट-फोड, सुट-सोड. ‘फिट-फेड’मध्ये इ चा ए झाला आहे. आता ट-ड चं कोडं. ‘त्रुट्यति’चं प्राकृतात ‘तुट्टइ’ झालं. तिथला ट जोड असल्यामुळे टिकला आणि पुढे एकेरी होऊन ‘तुटणे’त राहिला. ‘त्रोटयति’मध्ये मात्र ट दोन स्वरांमध्ये एकटा होता. असा एकटा ट प्राकृतात मऊ होऊन ड बनतो, म्हणून ‘तोडणे’. म्हणजे मराठीने ट चा ड केलेला नाही, दोन्ही रूपं आपल्याकडे तयारच आली. ‘फाटणे-फाडणे’चंही तसंच.

या जोड्या वारशाने आलेल्या असल्यामुळे नियमाने नव्या पाडता येत नाहीत. ‘चरणे’चं ‘चारणे’ होतं, पण ‘चढणे’चं ‘चढवणे’च. ‘फुटणे’चं ‘फोडणे’, पण ‘उडणे’चं ‘उडवणे’च. ‘पडवणे’, ‘तुटवणे’ चुकीचं वाटतं ते यामुळेच: ती जागा ‘पाडणे’ आणि ‘तोडणे’ यांनी आधीच घेतली आहे.

या तयार रूपांना पुन्हा ‘-व’ लागू शकतो, तेव्हा कामात आणखी एक माणूस येतो:

फांदी तुटली.
माळ्याने फांदी तोडली.
मालकाने माळ्याकडून फांदी तोडवली.

पहिलं वाक्य अकर्मक, म्हणून भूतकाळात ‘ने’ नाही. दुसऱ्यापासून कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद फांदीप्रमाणे चालतं. तिसऱ्यात हमखास होणारी चूक म्हणजे ‘मालकाने माळ्याला फांदी तोडवली’. सकर्मक कामात ज्याच्या हातून काम होतं त्याला ‘-कडून’ हवं. ‘-ला’ ठेवायचं असेल तर रचना बदलावी: ‘माळ्याला फांदी तोडायला लावली’. त्यात थोडी सक्तीची छटा येते. रोजच्या बोलण्यात नुसत्या ‘तोडवली’पेक्षा ‘तोडवून घेतली’ अधिक सहज वाटतं. शिकवणे, पाजणे, भरवणे, दाखवणे यांना मात्र ‘-ला’च लागतो: आईने बाळाला दूध पाजलं. इथे काम करणाऱ्याच्याच पोटात, डोक्यात किंवा डोळ्यांत काहीतरी जातं.

अपवाद याच गटात जास्त आहेत. ‘पिणे’चं ‘पाजणे’. ‘पाहणे’चं वेगळ्याच धातूपासून ‘दाखवणे’. ‘खाणे’साठी भरवणे किंवा खाऊ घालणे, जनावरांसाठी चारणे. ‘येणे’, ‘जाणे’ यांना ‘यायला लावणे’, ‘जायला लावणे’ असंच म्हणावं लागतं.

मग ‘खाववत नाही’, ‘पाहवत नाही’, ‘जाववत नाही’ ही रूपं कोणती? तीही ‘-व’चीच, पण ती शक्य क्रियापदं आहेत: करवून घेणं नव्हे, करणं जमणं. ‘आजी नातवाला चालवते’ हे प्रयोजक, ‘आजीला चालवत नाही’ हे शक्य. ओळखायची खूण अशी: कोणाला तरी चालायला लावणारा वेगळा कर्ता वाक्यात असेल तर प्रयोजक. ज्याला ‘-ला’ लागला आहे त्याच्याच क्षमतेबद्दल बोलणं चाललं असेल, तर शक्य. शक्य रूपं बहुधा नकारार्थी वाक्यांतच भेटतात.